बांधकामावरील पिण्याचे पाणी, शौचालय, निवारा आणि पाळणाघर: कोकण किनाऱ्यावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील घरमालक, ठेकेदार, मुकादम आणि कामगार यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. कोकणात पाणी आणि शौचालय हे दोन प्रश्न वेगळे करता येत नाहीत, कारण जांभ्यात किंवा वाळूत खणलेला खड्डा आणि शेजारची विहीर यांच्यामध्ये बहुधा फारसे काही नसते. त्यामुळे या दोन विषयांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न १. आमच्या कामावर जेमतेम बारा माणसे आहेत. एवढ्याशा कामालाही या सोयी बंधनकारक आहेत का?

होय. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६च्या केंद्रीय कायद्यात दहा कामगार ही मर्यादा होती आणि मागील बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा जण कामावर असले, तरी ती ओलांडली गेली असे धरले जाई. आज सहाच माणसे दिसतात म्हणून काम कायद्याबाहेर गेले, असे होत नाही. सूट होती ती स्वतःच्या राहत्या घराचे काम करणाऱ्या व्यक्तीला आणि तीही एकूण खर्च दहा लाख रुपयांपर्यंत असेल तरच. ही खर्चाची मर्यादा आता बदलली आहे. त्यासाठी प्रश्न २ पाहावा. पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या खोल्या म्हणजे स्वतःचे राहते घर नव्हे. किनाऱ्यावरच्या गावांत हा गैरसमज फार आढळतो, म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवला आहे.

प्रश्न २. नवीन कामगार संहिता आल्यामुळे जुने नियम संपले, असे ठेकेदार सांगतो. हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९९६चा कायदा तिच्यात सामावला गेला. पिण्यायोग्य पाणी, शौचालय आणि मुतारीची सोय ही कर्तव्ये मात्र संहितेतही तशीच आहेत. शौचालये पुरुष, स्त्रिया आणि तृतीयपंथी कर्मचारी यांच्यासाठी स्वतंत्र असावीत, असे ती स्पष्ट म्हणते. जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तेथवर संक्रमणकाळात लागू राहतील, अशीही तरतूद तिच्यात आहे.

प्रत्यक्षात फरक पडतो तो तीन ठिकाणी. स्वतःच्या घराच्या कामासाठीची खर्चाची मर्यादा दहा लाखांवरून पन्नास लाखांवर गेली. उपाहारगृहासाठीची कामगारसंख्या अडीचशेवरून शंभरावर आली. पाळणाघरासाठी पूर्वी पन्नासाहून अधिक स्त्री कामगार मोजल्या जात, आता पन्नासाहून अधिक कामगार मोजले जातात. याचा परिणाम प्रश्न ११ मध्ये सांगितला आहे. खाली जेथे जुन्या नियमांतील मापे दिली आहेत, ती कामाची आखणी करताना किमान माप म्हणून धरावीत.

प्रश्न ३. या सोयी कोणी करायच्या: जागामालकाने, ठेकेदाराने की माणसे आणणाऱ्या मुकादमाने?

पहिली जबाबदारी कामगारांना कामावर ठेवणाऱ्या नियोक्त्याची, म्हणजे बहुतेक ठिकाणी ठेकेदाराची असते. मात्र ठेकेदाराने सोय केली नाही, तर ती मूळ मालकाने करायची आणि खर्च ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायचा, हे तत्त्व कंत्राटी कामगारांसाठीच्या १९७०च्या कायद्याने घालून दिले होते; तो कायदाही आता संहितेत सामावला गेला आहे. मुकादमावर ही जबाबदारी ढकलता येत नाही. व्यवहारात वाद होतो तो दर ठरवताना पाण्याचा टँकर, शौचालय आणि शेड यांचा उल्लेखच राहून गेल्यामुळे. म्हणून करारातच या तीन बाबी वेगळ्या ओळींत, आपापल्या रकमेसह लिहाव्यात. रक्कम एकगठ्ठा दरात मिसळली की काटकसर तेथूनच सुरू होते.

प्रश्न ४. पिण्याचे पाणी किती आणि कोठे ठेवावे?

उन्हात अंगमेहनत करणाऱ्या माणसाने दर पंधरा ते वीस मिनिटांनी एक पेला पाणी प्यावे, असे उष्णतेच्या त्रासाविषयीच्या मार्गदर्शनात सांगितले जाते. तासाला सुमारे पाऊण लिटर या हिशोबाने आठ तासांचे सहा लिटर होतात. यात हातपाय धुणे, स्वयंपाक किंवा शौचालयाचे पाणी धरलेले नाही.

जागेविषयी १९९६च्या कायद्याचे म्हणणे स्पष्ट होते. पाण्याची ठिकाणे सर्वांना सोयीची असावीत, बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत तेथे ‘पिण्याचे पाणी’ असे लिहिलेले असावे आणि धुण्याची जागा, मुतारी किंवा शौचालय यांपासून सहा मीटरच्या आत असे ठिकाण नसावे. कोकणातल्या अनेक कामांवर विजापूर, कलबुर्गीकडचे किंवा झारखंड, बिहारमधले कामगार असतात. तेथे केवळ मराठी पाटी लावून हेतू साधत नाही. कन्नड किंवा हिंदी पाटीही हवी. दुसऱ्या मजल्यावर काम चालू असताना पाण्याचा पिंप खाली फाटकापाशी असेल, तर माणूस तहान मारतो. काम ज्या मजल्यावर असेल, तेथे तोटीचा झाकणबंद पिंप सकाळीच चढवून ठेवणे हाच यावरचा खरा उपाय आहे. वरून पेला बुडवून पाणी घेण्याची पद्धत मात्र बंद करावी, कारण सिमेंटने भरलेला हात त्याच पाण्यात जातो.

प्रश्न ५. आमची विहीर खाडीलगत आहे आणि एप्रिलनंतर पाणी मचूळ होते. औषध टाकून किंवा उकळून ते चालेल का?

नाही. क्लोरीनने जंतू मरतात, मीठ जात नाही. उकळल्याने तर पाणी आटून क्षार वाढतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, विरघळलेले एकूण क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १००० आहेत. क्षारांचा अंदाज हातात धरण्याच्या छोट्या टीडीएस मीटरने जागेवरच येतो. क्लोराइडसाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो.

येथे एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. सळईच्या काँक्रीटमध्ये मिसळायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे आयएस ४५६ सांगते आणि त्यासाठी जबाबदार अभियंते पाणी तपासून घेतात. त्याच विहिरीचे पाणी माणसे पीत असतील, तर तपासणीच्या त्याच अहवालावरून पिण्याविषयीचा निर्णयही घेता येतो. तेवढे तरी प्रत्येक कामावर झाले पाहिजे.

मचूळपणा वाढण्याचे कारण पुष्कळदा कामातच असते. स्लॅबवर आणि भिंतींवर पाणी मारण्यासाठी सकाळ-संध्याकाळ पंप सलग चालवला की विहिरीतील पातळी झपाट्याने खाली जाते आणि खाडीच्या बाजूचे खारे पाणी आत ओढले जाते. थांबून थांबून उपसा केल्यास हा त्रास कमी होतो. तरीही मीटरचा आकडा चढत राहिला, तर पिण्यासाठी टँकर किंवा ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी वेगळे आणावे लागते. मचूळ पाणी लगेच आजारी पाडत नाही, पण माणूस ते कमी पितो. मे महिन्यात दुपारी चक्कर येऊन कोणी बसला, तर पिंपात पाणी होते की नाही याबरोबरच ते पिववत होते का, हेही पाहावे.

प्रश्न ६. टँकरच्या पाण्यात टीसीएल पावडर किती टाकावी आणि ती लागू पडली हे कसे ओळखावे?

ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. अशी पावडर हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम पुरते. ती थेट टाकीत न टाकता बादलीभर पाण्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ टाकीत ओतून ढवळावे आणि अर्धा तास थांबावे. त्यानंतर तोटीचे पाणी ओटी चाचणीने, म्हणजे त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून, तपासावे. फिकट पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे; रंग आलाच नाही तर मात्रा अपुरी पडली आहे. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन अपेक्षित असतो.

दोन कारणांनी ही मात्रा फसते. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो, म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे. दुसरे कारण कोकणाच्या हवेचे आहे. उघड्या पोत्यातली पावडर दमट हवेत पाणी धरते, तिचे गोळे होतात आणि तिची ताकद जाते. जूनमध्ये उघडलेले पोते ऑगस्टमध्ये वापरताना पाच ग्रॅमचा हिशोब चालत नाही. पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात थोडी थोडी ठेवावी आणि रोजचा निर्णय मापावर न सोडता चाचणीच्या रंगावर घ्यावा.

प्रश्न ७. शौचालये किती लागतात? एखादा हिशोब करून दाखवाल का?

कंत्राटी कामगारांच्या १९७१च्या केंद्रीय नियमांतील प्रमाण सोपे आहे. दर पंचवीस स्त्रियांमागे एक शौचालय, पुरुषांसाठी पहिल्या शंभरापर्यंत दर पंचवीस जणांमागे एक आणि त्यापुढे दर पन्नास जणांमागे एक. पन्नासपेक्षा कमी माणसे असतील, तर वेगळी मुतारी नसली तरी चालते, अशी सवलत १९९६च्या कायद्यात होती. मलनिस्सारण वाहिनीला जोडलेली शौचालये असतील तरीही ती मिळे, पण आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत अशा वाहिन्या बहुधा नसतात.

समजा, गुहागर तालुक्यात समुद्रालगत एका निवासी हॉटेलचे काम चालू आहे आणि तेथे ६४ कामगार आहेत, ४६ पुरुष आणि १८ स्त्रिया. नियमाने पुरुषांना दोन आणि स्त्रियांना एक शौचालय येते, शिवाय मुतारी वेगळी. प्रत्यक्षात स्त्रियांसाठी दोन बांधावीत, असे आमचे मत आहे. जेवणाच्या अर्ध्या तासात अठरा जणींना एकच दार पुरत नाही आणि ते एक तुंबले तर दुसरा पर्याय उरत नाही. याच कामाला पिण्याचे पाणी ६४ गुणिले सहा, म्हणजे दिवसाला ३८४ लिटर लागेल. हजार लिटरची एक टाकी केवळ पिण्यासाठी राखली, तर टँकर एक दिवस चुकला तरी अडचण येत नाही. कामगार तेथेच राहत असतील, तर आंघोळीचे, स्वयंपाकाचे आणि शौचालयाचे पाणी याव्यतिरिक्त धरावे लागेल.

प्रश्न ८. शोषखड्डा विहिरीपासून सहा मीटरवर आहे. नियम पाळला गेला ना?

नाही. दोन वेगळ्या अंतरांची येथे गल्लत होते. सहा मीटर हे अंतर पाणी पिण्याच्या ठिकाणापासून शौचालयापर्यंतचे आहे (प्रश्न ४). सेप्टिक टँकचे पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा, असे आयएस २४७० सांगते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारातील स्वच्छतेच्या अटींमध्येही पाण्याचा साठा शौचालय व गटार यांपासून किमान पन्नास फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर दूर ठेवण्यास सांगितले आहे.

जांभ्यात तर १८ मीटरवरही विसंबून राहू नये. हा दगड सच्छिद्र असतो आणि त्यातल्या भेगांतून पाणी गाळले न जाता सरळ वाहत जाते. त्यामुळे खड्डा उताराच्या खालच्या अंगाला घ्यावा आणि शेजारच्या वाडीची विहीर कोठे आहे, हेही पाहावे. फक्त आपल्या आवारातली विहीर मोजून भागत नाही. खड्ड्याचे पाणी विहिरीत पोचते आहे असा संशय कधी घ्यावा? पहिल्या मोठ्या पावसानंतर विहिरीच्या पाण्याला वास आला, नेहमीच्या मात्रेने ओटी चाचणीला रंग येईनासा झाला किंवा दोन-चार जणांना एकाच आठवड्यात जुलाब लागले, तर त्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी थांबवावे आणि नमुना आरोग्य केंद्रामार्फत तपासणीला पाठवावा.

प्रश्न ९. जमीन वाळूची आहे आणि पावसाळ्यात खड्डाच पाण्याने भरतो. मग शौचालय कसे चालवायचे?

किनाऱ्यालगत जुलैमध्ये भूजल अगदी वर येते. अशा वेळी शोषखड्डा पाणी शोषत नाही, उलट बाहेरचे पाणी आत घेतो आणि भांड्यात पाणी तुंबते. अशा जागी पाणी न झिरपणारी बंद टाकी बसवावी, शौचालयाचा चौथरा उंच घ्यावा आणि टाकी ठरावीक मुदतीने यांत्रिक उपसा गाडीने रिकामी करावी. टाकीत माणूस उतरवून उपसा करणे २०१३च्या कायद्याने बंद केले आहे. तसे सांगणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो. टाकीची जागा ठरवताना उपसा गाडी भर पावसात तेथवर पोचेल का, हे आधी पाहावे. चिखलात गाडी रुतते म्हणून टाकी भरून वाहत राहिली, असे पावसाळ्यात सहज घडते. पावसाळ्यापुरती भाड्याची फिरती शौचालये आणायची असली, तरी उपशाचा आणि रस्त्याचा प्रश्न तोच राहतो.

प्रश्न १०. शौचालय बांधून दिले आहे, तरी बायका ते वापरत नाहीत. आता आम्ही काय करावे?

दार उघडून आत पाहावे. आतली कडी लागते का, बादलीत पाणी आहे का, संध्याकाळी दिवा लागतो का आणि दारासमोर पुरुषांची बैठक तर नाही ना, या चार गोष्टींपैकी एक तरी बिघडलेली सापडते. सकाळी अकरा वाजता जमीन आणि डबा कोरडा असेल, तर शौचालय वापरात नाही, हे निश्चित समजावे. कडी मोडली की ती त्याच दिवशी बसवावी, कारण एकदा ती जागा सुटली की स्त्रिया दिवसभर पाणीच कमी पितात. त्यातून लघवीच्या मार्गाचा त्रास सुरू होतो आणि प्रश्न ४ मध्ये सांगितलेली पाण्याची सारी व्यवस्था त्यांच्यापुरती वाया जाते. झाकणाची कचराकुंडी आत ठेवावी आणि ती रिकामी करण्याचे काम नावाने कोणाला तरी नेमून, त्याची मजुरी देऊन करून घ्यावे.

प्रश्न ११. पाळणाघर कधी लागते? आमच्याकडे अठराच स्त्रिया आहेत.

जुन्या कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्री कामगार असल्यासच सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली लागत असे, त्यामुळे बहुतेक मध्यम कामे सुटत. संहितेत पन्नासाहून अधिक कामगार हा निकष आहे. प्रश्न ७ मधील ६४ कामगारांचे काम जुन्या मोजणीत बसत नव्हते, नव्या मोजणीत बसते. शेजारच्या दोन-तीन कामांनी मिळून सामायिक पाळणाघर चालवण्यासही संहितेत वाव आहे आणि एकाच किनाऱ्यावर जवळजवळ चाललेल्या कामांना ते परवडणारे आहे. सरकारी काम असेल तर निविदेच्या अटी वेगळ्या वाचाव्यात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अटींत वीस स्त्रियांपासूनच दोन खोल्या सांगितल्या आहेत, एक खेळण्यासाठी आणि एक झोपण्यासाठी.

खोली हवेशीर असावी आणि मुलांची देखभाल शिकलेली बाई तेथे पूर्ण वेळ असावी. मोठ्या बहिणीला धाकट्याजवळ बसवून ठेवणे म्हणजे पाळणाघर नव्हे; त्यात तिची शाळाही बुडते. जागा सळई कापण्याच्या यंत्रापासून, उघड्या टाक्यांपासून आणि कठडा नसलेल्या विहिरीपासून दूर घ्यावी. संख्या कमी असल्याने पाळणाघर लागू होत नसेल, तर गावच्या अंगणवाडी सेविकेला मुलांची यादी द्यावी. स्थलांतरित मुलांची नोंद तेथे करता येते आणि पोषण आहारही मिळतो.

प्रश्न १२. विश्रांतीसाठी वेगळी शेड हवी का? माणसे अर्धवट इमारतीतच बसतात.

सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती हा नियम आहे आणि ती विश्रांती बसण्याजोग्या जागी मिळाली पाहिजे. केंद्रीय बांधकाम विभागाच्या अटींत माणशी ०.६ चौरस मीटर जागा आणि छपराची किमान तीन मीटर उंची सांगितली आहे, स्त्रिया व पुरुषांसाठी वेगळी. प्रश्न ७ मधील कामाला याप्रमाणे पुरुषांसाठी सुमारे २८ आणि स्त्रियांसाठी सुमारे ११ चौरस मीटर जागा लागेल. अभियंत्याच्या परवानगीने बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा एखादा भाग वापरण्यास त्या अटी मुभा देतात, परंतु वरच्या मजल्यावर काम चालू असलेला किंवा टेकू न काढलेला भाग त्यासाठी कधीही देऊ नये.

पत्र्याची शेड मे महिन्यात भट्टीसारखी तापते; वर माडाच्या झावळ्यांचे झाप टाकल्याने बराच फरक पडतो. जूनपासून पाऊस आडवा येतो, म्हणून समुद्राकडची बाजू बंद करावी आणि जमीन वीतभर उंच करून घ्यावी. चिऱ्यांच्या राशीला लागून शेड उभारू नये. त्या फटींत फुरसे आणि विंचू राहतात आणि दुपारी माणसे जमिनीवरच आडवी होतात.

प्रश्न १३. स्लॅबच्या दिवशी बाहेरची तीस माणसे येतात. एका दिवसासाठी सोयी वाढवायच्या का?

पाणी निश्चित वाढवावे: तीस माणसांचे आणखी १८० लिटर, तेही ओतकाम चालू असलेल्या मजल्यावर. स्लॅब मध्येच थांबवता येत नाही, म्हणून त्या दिवशी विश्रांती आळीपाळीने द्यावी. शौचालये एका दिवसासाठी बांधली जात नाहीत, पण असलेली आदल्या दिवशी साफ करून पाणी भरून ठेवणे शक्य असते. पाळणाघराची संख्या मात्र नेहमीच्या कामगारांवरून मोजली जाते, अशा एका दिवसावरून नव्हे.

प्रश्न १४. आमची मंडळात नोंदणी नाही, म्हणून या सोयी मिळणार नाहीत असे मुकादम म्हणतो. खोपटाचे भाडेही तो मजुरीतून कापतो.

दोन्ही चुकीचे आहे. कल्याणकारी मंडळातील नोंदणी १८ ते ६० वयाच्या आणि वर्षात किमान ९० दिवस बांधकाम केलेल्या कामगारांसाठी असते आणि ती मंडळाच्या योजनांसाठी लागते. पाणी, शौचालय आणि निवारा यांचा हक्क कामावर असण्यातूनच येतो, पहिल्या दिवसापासून. तात्पुरती राहण्याची जागा नियोक्त्याने विनामूल्य द्यावी आणि तिच्याबरोबर स्वयंपाकाची, आंघोळीची व शौचालयाची सोय असावी, असे १९९६च्या कायद्याच्या कलम ३४ मध्ये सांगितले होते. कापलेल्या रकमेची तारीखवार नोंद ठेवून जिल्ह्याच्या कामगार विभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

प्रश्न १५. काम संपल्यावर तात्पुरत्या शौचालयांचे आणि खोपटांचे काय करायचे?

ती काढून जागा पूर्ववत करण्याची जबाबदारीही नियोक्त्याचीच आहे. टाकी आधी यांत्रिक उपशाने रिकामी करावी, मग चुना टाकून माती व चिऱ्यांच्या तुकड्यांनी दाबून भरावी. नुसती फरशी टाकून सोडलेला खड्डा पुढच्या पावसात खचतो आणि बागेत फिरणारे जनावर किंवा मूल त्यात पडू शकते. हे काम शेवटचे बिल देण्यापूर्वी करून घ्यावे, कारण त्यानंतर ठेकेदाराची माणसे पुढच्या कामावर गेलेली असतात.